फोटो कुणाचा आणि दुरुस्ती कशाची?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांना आता फोटोच्या दुकानात बसवलं की काय! पण विषय आम्ही शोधलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. पुण्यातल्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांच्या फोटोंबद्दल नियम करायला पाच जणांची समिती नेमली. एचआरच्या एक बाई, कंपनीतले दोन कर्मचारी, एक छायाचित्रकार, आणि बाहेरचा माणूस म्हणून आम्ही. कंपनीचं नाव सांगायचं कारण नाही. जे तिथे घडलं ते कुठेही घडू शकतं, आणि घडतंही.

झालं असं. कंपनीने नवी डिरेक्टरी करायला घेतली. डिरेक्टरी म्हणजे कॉम्प्युटरवरची कर्मचाऱ्यांची यादी : नाव, हुद्दा, एक्स्टेन्शन नंबर आणि फोटो. तोच फोटो गळ्यातल्या ओळखपत्रावर. बाहेरून एक फोटोग्राफर बोलावला, दोन दिवसांत साधारण पावणेदोनशे लोकांचे फोटो काढून झाले आणि आठवड्याभरात ते डिरेक्टरीवर चढले. सगळे स्वच्छ, सगळे चकचकीत, मागे पांढरी शुभ्र भिंत. बहुतेकांना आवडले.

एका बाईंना मात्र आपला फोटो बघून क्षणभर कळेचना की हा कुणाचा. रंग दोन छटांनी उजळलेला. हनुवटीजवळचा तीळ गायब. केस चांगले दाट, कुरळे, पण फोटोत ते डोक्याला चिकटवल्यासारखे, कडेने कातरलेले. त्या एचआरकडे गेल्या, तर उत्तर मिळालं, "अहो, किती छान आलाय फोटो! तक्रार कसली करताय?" त्यावर बाई म्हणाल्या, "फोटो छान आहे, पण तो माझा नाही. तुम्हाला जशी बाई हवी होती, तिचा आहे."

हे वाक्य समितीच्या पहिल्या बैठकीत आम्हाला सांगितलं गेलं आणि पुढच्या सगळ्या बैठका खरं म्हणजे त्याच वाक्याचा अर्थ लावण्यात गेल्या. कुणी कुणाचा अपमान केला की तो ओळखू येतो. इथे अपमान भेट म्हणून आला होता. भेट नाकारणारा माणूस कृतघ्न ठरतो, आणि म्हणून अशी तक्रार करणं फार अवघड असतं. त्या बाईंनी ती केली, म्हणून बाकीच्यांचं कळलं. पन्नाशीच्या एका व्यवस्थापक बाईंनी पाच वर्षांपूर्वी ठरवून कलप सोडला होता, फोटोत त्यांचे केस पुन्हा काळे. सुरक्षा विभागातल्या दोघांच्या अंगावर त्यांनी कधी न घातलेला कोट आणि टाय. आणि एक तरुण अभियंता उलटी तक्रार घेऊन आला, "माझा अजून थोडा उजळ करून मिळेल का?" त्याच्याकडे आपण शेवटी येऊ, कारण खरी पंचाईत त्याने केली.

आम्ही पहिल्यांदा फोटोग्राफरला विचारलं की, बाबा, हे करायला तुला सांगितलं कुणी? तो बिचारा म्हणाला, "कुणी नाही. आम्ही असंच देतो." लग्नाच्या फोटोंसाठी बसवलेलं एक प्रीसेट होतं, म्हणजे ठरलेल्या बदलांचा तयार संच. त्वचा गुळगुळीत, रंग उजळ, डाग साफ. ते त्याने पावणेदोनशे फोटोंवर एकदम चालवलं. कोट चिकटवणं हे तर आपल्याकडच्या पासपोर्ट फोटोच्या दुकानांत वर्षानुवर्षं चालत आलेलं काम. त्याच्या आधी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या पुसायचे. आमचा स्वतःचा पदवीदान समारंभाचा फोटो तसाच आहे, त्यात आम्ही फारच गुणी दिसतो.

"कुणी सांगितलं नव्हतं" हे उत्तर नवीन नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये ग्राझिया मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीने अभिनेत्री लुपिता न्योंग'ओ हिचा फोटो मुखपृष्ठावर छापला. तिचे मागे बांधलेले नैसर्गिक केस त्यातून पुसून टाकले होते आणि पुढचे गुळगुळीत केले होते. तिने मूळ फोटो आणि छापलेला फोटो शेजारी शेजारी ठेवून जाहीरपणे दाखवले. मासिक म्हणालं, आम्ही असा बदल करायला सांगितलं नव्हतं. छायाचित्रकाराने माफी मागितली. आता बघा, कुणाचाही हेतू वाईट नसेल, तरी केस गेले ते गेलेच. ज्याला कुणी आदेश देत नाही आणि तरीही जे घडतं, त्याला आपण सवय म्हणतो. 'आमचा भेदभाव करण्याचा हेतू नाही' एवढं लिहून सवयीला आळा बसत नाही. सवयीसाठी कामाची पद्धतच बदलावी लागते. म्हणून समितीने पहिल्यांदा मूल्यांची चर्चा बाजूला ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

छायाचित्रकार सदस्याने आम्हाला एक साधी गोष्ट समजावली. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. मागे पांढरी भिंत असली की त्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो सगळंच थोडं काळवंडवतो. गोऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं. सावळ्या चेहऱ्याचे मात्र बारकावे बुडतात, डोळ्यांखाली आणि गालाच्या कडेला नुसता काळोख दिसतो. हल्लीचे चेहरा ओळखून मोजणारे कॅमेरे हे बऱ्यापैकी सांभाळतात, पण नेहमी नाही. मग फोटोग्राफर काय करतो? घरी जाऊन चेहरा 'उजळ' करतो. म्हणजे चूक मोजमापाची, आणि दुरुस्ती माणसाच्या रंगाची!

आता कुणी म्हणेल, उजळ केल्याशिवाय फोटो बरोबर कसा येणार? थोडा करावा लागतोच. पण 'बरोबर' कशाच्या मानाने, हा प्रश्न आहे. विसाव्या शतकात फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी एक नमुन्याचं कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे, आणि धंद्यात त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. शर्ली बरोबर दिसली की यंत्र बरोबर लागलं असं समजायचं. मग त्या यंत्रातून बाकी कुणी कसं का दिसेना! गंमत अशी की, फिल्मवर तपकिरी रंग नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातवाल्यांची. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड 1990 च्या दशकात आलं. माप म्हणून माणूस ठेवला की बाकीची माणसं चुकीची ठरतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला वर्गात शिकवताना कधी सापडलं नव्हतं.

यावर उपाय जुनाच आहे आणि स्वस्त आहे. चेहऱ्याऐवजी करडं कार्ड. फोटोच्या दुकानात मिळतं, पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे 18 टक्के परत फेकतं. दिवे लावून झाले की कर्मचाऱ्याच्या हनुवटीशी हे कार्ड धरून एक फोटो घ्यायचा आणि मग कार्ड काढून बाकीचे. कॅमेरा ऑटोवर ठेवायचा नाही, एकदा लावलेली मापं हलवायची नाहीत. नंतर कॉम्प्युटरवर उजेड आणि रंग असा जुळवायचा की त्या कार्डाचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यावेत. नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत ते 118 च्या आसपास येतात. मग तीच दुरुस्ती त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना. कार्ड सगळ्यांचं सारखं झालं म्हणजे उजेडाचे आणि कॅमेऱ्याचे दोष गेले. यानंतर दोन चेहऱ्यांत जो फरक उरतो तो त्या दोन माणसांतला फरक. त्याला हात लावायचा नाही.

याला मर्यादा आहे, तीही सांगतो. सावळी त्वचा प्रकाश चकाकीच्या रूपाने जास्त दाखवते, त्यामुळे एक छोटा तीव्र दिवा समोरून मारला की कपाळावर पांढरे ठिपके येतात. तिथे मोठा, मऊ, बाजूने येणारा प्रकाश हवा. म्हणजे दिव्याची जागा माणसापरत्वे थोडी बदलावी लागेल, आणि जागा बदलली की कार्डाचा फोटो पुन्हा घ्यायचा. एका माणसामागे दोन-तीन मिनिटं जास्त जातात. एचआरच्या बाईंनी लगेच हिशेब केला की दोन दिवसांचं काम तीन दिवसांवर जाईल. जाऊ दे की!

केसांचं दुखणं वेगळं आहे. त्या बाईंचे कुरळे केस कुणी सौंदर्यदृष्टीने कातरले नव्हते. मागची भिंत डागाळलेली होती, म्हणून सॉफ्टवेअरने माणूस कापून पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला होता. सरळ, चापून बसवलेल्या केसांची कड स्पष्ट असते, ती नीट कापली जाते. कुरळ्या केसांतून मागची भिंत दिसते, आणि ते भिंतीबरोबर कापले जातात. पटक्याचा शेला, पदराची झालर, ओढणीची जाळी यांचंही तेच होतं. म्हणून आम्ही नियम केला की पार्श्वभूमी नंतर बदलायची नाही. भिंत रंगवा, नाहीतर मागे कापड लावा. तीनशे-चारशे रुपयांच्या कापडाने जे होतं त्यासाठी माणूस कापायला नको.

फोटो बदललेला आहे हे ओळखायचं कसं, हेही आम्ही शिकून घेतलं. चेहरा आणि मान बघा, मग कान बघा. रंग उजळताना कान बहुधा राहून जातात. कानाचा रंग गालापेक्षा वेगळाच असला तर संशय घ्यावा. गालावरची रंध्रं दिसत नाहीत पण शर्टाचं विणकाम स्पष्ट दिसतं, म्हणजे त्वचा गुळगुळीत केली आहे. केसांभोवती पातळ पांढरी रेघ असली तर कापाकापी झाली. आमच्या समितीने ते पावणेदोनशे फोटो असे डोळ्यांखालून घातले, आणि मग घरी आल्यावर आम्ही आमच्या पुतण्याच्या लग्नाचा अल्बमही घातला. त्याबद्दल इथे न बोललेलं बरं.

आता कपड्यांकडे. इथे आम्हाला फ्लोरिडातल्या बार्ट्राम ट्रेल हायस्कूलची 2021 ची हकिगत उपयोगी पडली. शाळेच्या वार्षिक पुस्तकात किमान ऐंशी फोटो असे बदलले होते की गळ्याजवळ कपड्याचा तुकडा वाढवून छाती झाकली जावी. तुकडे इतके ओबडधोबड की चिकटवलेलं कुणालाही दिसावं. ऐंशीच्या ऐंशी मुलींचे. त्याच पुस्तकात पोहण्याच्या संघातल्या मुलांचा छोट्या चड्ड्यांमधला फोटो होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. शाळेने पुस्तकाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

शाळेची बाजू अशी की पोशाखाचा नियम आहे, तो या मुलींनी मोडला. समजा मोडला. तर फोटो काढायच्या दिवशी सांगायचं. नियम सांगितला की समोरचा माणूस तो पाळू शकतो, वाद घालू शकतो, घरी जाऊन शर्ट बदलून येऊ शकतो. नंतर गुपचूप कपडा वाढवला की यातलं काहीच त्याच्या हातात राहत नाही. त्याच्या देहावर एक निर्णय होतो आणि तो त्याला छापून आल्यावर कळतो. आमच्या सुरक्षा विभागातल्या दोघांचंही हेच. त्यातल्या एकाने सांगितलं की त्याची बायको फोटो बघून हसली आणि म्हणाली, तुमची नोकरी बदलली वाटतं! तो स्वतः हसला नाही. गणवेश त्याने आदल्या रात्री इस्त्री करून ठेवला होता.

म्हणून कपड्यांबाबत आमचा नियम छोटा आहे. काय चालेल ते आठ दिवस आधी लेखी सांगा, बायकांना आणि पुरुषांना एकच. कॉलरवर चहाचा डाग पडला तर पुसायला हरकत नाही, पण ज्याचा शर्ट त्याने सांगितलं तरच. एरवी सॉफ्टवेअरने कपडा घालायचा नाही, काढायचा नाही, वाढवायचा नाही. टिकली, कुंकू, नथ, हिजाब, पगडी, गळ्यातली माळ यांना तर विचारायचंसुद्धा नाही की काढू का म्हणून. साहेबाच्या नोकराने विचारलेला प्रश्न आणि साहेबाचा हुकूम यात ऐकणाऱ्याला फारसा फरक वाटत नसतो.

तर एवढं बघितल्यावर आम्हाला दुरुस्तीचे तीन थर दिसायला लागले. एक, कॅमेऱ्याचा दोष : उजेड, रंग, तिरपी चौकट. तो फोटोग्राफरने काढावा, सगळ्यांचा सारख्याच पद्धतीने, विचारायची गरज नाही. दोन, त्या दिवसाचा अपघात : कालच उठलेली पुटकुळी, वाऱ्याने उडालेली बट, दाढी करताना झालेला काप. तो माणसाने मागितला तरच काढावा. आणि तीन, माणूस स्वतः. रंग, तीळ, पांढरे केस, टक्कल, कोड, केसांची कुरळ, नाकाची ठेवण. याला कंपनीने हात लावू नये.

पहिल्या दोघांवर एकमत झालं. तिसऱ्यावर अडलं, ते त्या तरुण अभियंत्यापाशी. त्याचं म्हणणं सरळ होतं. "चेहरा माझा, मागणी माझी. तुम्ही त्या बाईंना विचारल्याशिवाय उजळ केलं म्हणून चूक. मी स्वतः सांगतोय, मग का नाही?" समितीतल्या एका सदस्याने त्याची बाजू घेतली. संमती हाच जर आपला निकष असेल तर इथे संमती आहे, नव्हे, हट्ट आहे.

आम्हाला हे सहज उडवून लावता येईना. जॉन एल्स्टर नावाच्या नॉर्वेजियन विचारवंताचं 1983 चं एक पुस्तक आहे, त्याच्या नावातच आपली आंबट द्राक्षं आहेत. कोल्ह्याला द्राक्षं मिळत नाहीत म्हणून तो ती आंबट ठरवतो, म्हणजे परिस्थितीच त्याची इच्छा घडवते. हा मुलगा ज्या समाजात वाढला तिथे विठ्ठल सावळा म्हणून पुजला जातो आणि वधू-वरांच्या माहितीत मात्र 'गोरा, निमगोरा, गव्हाळ' अशी उतरंड लावलेली असते. त्याची इच्छा त्याची एकट्याची किती? पण थांबा, इथे मास्तरांनी जपून बोलावं. असं म्हटलं तर आमच्या कुणाच्याच इच्छेचं काही शिल्लक राहत नाही. सत्तरीतल्या माणसाने पंचविशीतल्या मुलाला 'तुला काय हवं ते तुला कळत नाही' म्हणणं हीसुद्धा एक प्रकारची फोटो-दुरुस्तीच.

म्हणून आम्ही त्याच्या इच्छेचा निवाडा करायचं सोडून दिलं आणि कंपनी काय करते आहे याकडे वळलो. कंपनीने उजळ करायची सोय उघडली, भले मागेल त्याला, तर मागणीच्या फॉर्मवर एक रकाना येतो : 'त्वचा उजळ करावी का? होय / नाही.' तो रकाना पावणेदोनशे लोकांसमोर जाणार. ज्यांनी 'नाही' लिहिलं त्यांचे फोटो 'होय' वाल्यांच्या शेजारी लागणार. त्या बाईंनाही तो भरावा लागणार. एकाची खाजगी आवड कंपनीच्या हातून गेली की ती सगळ्यांना विचारलेला प्रश्न होते. इथे त्या मुलाला 'नाही' म्हणायला आम्हाला कारण मिळालं, आणि त्यासाठी त्याची इच्छा खोटी ठरवावी लागली नाही.

शिवाय डिरेक्टरीचं काम ओळख पटवण्याचं. म्हणून आम्ही एक कसोटी ठेवली : हा माणूस उद्या सकाळी असा दिसत कामावर येऊ शकेल का? व्यवस्थापक बाईंनी उद्या कलप लावला तर काळ्या केसांचा फोटो त्यांचाच. कोड असलेली व्यक्ती रोज मेकअप करून येत असेल तर मेकअपमधला चेहरा तिचाच, तो तसाच टिपावा. आपल्या हाताने रोज आपण जो चेहरा करतो तो आपला असतो, त्यात सॉफ्टवेअरची गरज पडत नाही. त्या अभियंत्याला आम्ही सांगितलं की प्रकाश आवडला नसेल तर परत फोटो काढू, तीनदा काढू, हवा तो तू निवड. आणि कुणाला फोटोच नको असेल, आजारपणात केस गेले असतील, चेहऱ्यावर अपघाताचा व्रण असेल, तर डिरेक्टरीत नावाची आद्याक्षरं लावायची. कारण विचारायचं नाही. फोटो फक्त ओळखपत्रावर राहील.

उरलेलं सगळं व्यवहाराचं आहे. फोटो चढवण्याआधी ज्याचा त्याला पाच दिवस बघायला द्यायचा, मूळ फोटो शेजारी ठेवून. बदल काय केले ते खाली दोन ओळींत लिहायचं. पुन्हा काढा म्हणायला कारण द्यावं लागू नये. नवा फोटो मान्य झाला की मूळ फोटो नव्वद दिवसांनी पुसून टाकायचे. आणि फोटोग्राफरबरोबरच्या करारातच लिहायचं की त्वचा गुळगुळीत करणारं प्रीसेट वापरलं तर ते फोटो स्वीकारले जाणार नाहीत. आमच्या मते ही करारातली ओळ सगळ्यात जास्त कामाची, कारण सवय तिथे बसलेली होती.

एका मुद्द्यावर समितीचं शेवटपर्यंत जमलं नाही. जन्मखूण किंवा जुना व्रण माणसाने स्वतः लेखी मागितल्यावर पुसावा का? तिघे म्हणाले पुसावा, आम्ही आणि छायाचित्रकार म्हणालो, परत फोटो काढा किंवा आद्याक्षरं लावा. बहुमताने तिघांचं मान्य झालं, फक्त अट अशी की एचआरने हा पर्याय स्वतःहून सुचवायचा नाही. आमचं मन अजून त्याला पूर्ण तयार नाही.

तीन आठवड्यांनी फोटो पुन्हा काढले. त्या बाईंनी करडं कार्ड हनुवटीशी धरलेला आपला फोटो मागून घेतला आणि डिरेक्टरीवर तोच लावा म्हणाल्या. एचआरला ते नियमात बसेल की नाही याची चिंता पडली. आम्ही वाचून बघितलं. नियमात त्याविरुद्ध काहीच नव्हतं.